पहिल्याच संवादात पगार विचारला तर आकडा सांगावा का?

गोकुळ शिरगावचा अभियंता: एका स्थळाकडून मुलीचा क्रमांक मिळाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आमचे बोलणे सुरू झाले. चौथ्याच संदेशात तिने "पगार किती आहे तुम्हाला?" असे विचारले. मी "भागते व्यवस्थित" असे लिहिले आणि बोलणे तिथेच थंडावले. इतक्या लवकर असा थेट प्रश्न आला, तर अवघडलेपणा न येता काय उत्तर द्यावे?

पेठेतल्या काकू: मंगळवार पेठेत सतरा वर्षे वधू-वर सूचक केंद्र चालवते, म्हणून सांगते. "भागते" या शब्दाचे समोरचा माणूस दोनच अर्थ काढतो: एक तर आकडा लहान आहे, नाहीतर याचा आपल्यावर विश्वास नाही. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, अर्धा-पाऊण तास उत्तर येत नाही आणि मग गोलमोल वाक्य येते. बोलणे तिथे अवघड होऊन बसते. आकडा लहान असल्यामुळे तसे झाल्याचे मी फार कमी वेळा पाहिले आहे. तुम्ही एका संदेशात तीन गोष्टी लिहा: हातात येणारी रक्कम, नोकरीचे स्वरूप आणि लगेच तुमचा एक प्रश्न. "महिन्याला हातात साधारण अमुक हजार येतात, नोकरी कायम आहे. लग्नानंतर कोल्हापुरात राहायला आपली तयारी आहे का?" इतके पुरे. मात्र "सध्या फक्त" किंवा "पुढच्या वर्षी वाढणारच आहे" असली शेपटे जोडू नका, कारण आपणच लाजलो की समोरच्यालाही विचारल्याचा संकोच वाटू लागतो.

राजारामपुरीकर: काकूंच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, मला हे मुळीच पटत नाही. चौथ्या संदेशात पगार विचारणारी व्यक्ती माणूस बघत नाही, पाकीट बघते. शिवाय लिहिलेला आकडा लिहिलेलाच राहतो. माझ्या आत्तेभावाने असाच आकडा कळवला, स्थळ जुळले नाही आणि आठवडाभरात तो स्क्रीनशॉट त्याच्याच भावकीच्या ग्रुपवर फिरत होता. "हा विषय घरची मंडळी बोलतील" असे नम्रपणे लिहून मोकळे व्हावे.

पेठेतल्या काकू: स्क्रीनशॉटची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यासाठी "पन्नास ते साठच्या दरम्यान" असा पट्टा सांगावा; तो पाच-दहा हजारांपेक्षा रुंद नसावा, कारण "वर्षाला पाच ते दहा लाख" म्हटल्यावर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. सांगायचेच नसेल, तर नुसता नकार देण्याऐवजी वेळ द्यावी: "हे समोरासमोर सांगणे मला बरे वाटेल, रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर घरच्यांसह भेटूया का?" असे लिहिल्याने विषय बंद होत नाही, नुसता पुढे जातो.

उजळाईवाडीचा उमेदवार: सध्याचा पगार कधीही आधी सांगू नये, या मताचा मी आहे. आधी त्यांचे बजेट विचारावे आणि मग तीस टक्के वाढवून मागावे. माझ्या गेल्या दोन्ही मुलाखतींत याचा उपयोग झाला.

गोकुळ शिरगावचा अभियंता: दादा, हा नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न नाही, स्थळाचा आहे. पण यावरून एक शंका आली. माझ्या नियुक्तिपत्रावर वर्षाचे 7 लाख 80 हजार लिहिले आहेत. मग महिन्याला पासष्ट हजार सांगावेत का?

शिरोलीतील वेतन लिपिक: पासष्ट सांगू नका, लग्नानंतर पहिल्याच पगाराच्या दिवशी वाद उभा राहील. मी शिरोली वसाहतीत पगारपत्रकेच बनवतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या रकमेत वर्षाअखेरचा कामगिरी बोनस 60 हजार आणि मूळ वेतन महिना 32,500 धरू. बोनस मिळेलच असे नाही, म्हणून तो बाजूला ठेवा. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा महिना 1,800 प्रमाणे 21,600 होतो, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के म्हणजे सुमारे 18,760. या दोन्ही रकमा तुमच्या नावावर मोजल्या जातात, पण दरमहा खात्यात येत नाहीत. उरलेल्या रकमेला बाराने भागले की साधारण 56,600 येतात. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा झाला की हातात साडेचोपन्न हजारांच्या आसपास राहतात. तोच आकडा सांगावा, आणि "हातात" हा शब्द वगळू नये. पॅकेज विचारले, तर दोन्ही आकडे एकाच वाक्यात द्यावेत.

एक खबरदारी मात्र घ्या. आकडा विचारणे वेगळे आणि पगारपत्रक किंवा बँकेच्या पासबुकाचा फोटो मागणे वेगळे. प्रत्यक्ष भेट होण्याआधी अनोळखी क्रमांकावर कोणतेही कागद पाठवू नयेत.

करवीरचा शेतकरी: पगार असणाऱ्यांचे सोपे आहे. माझ्याकडे अडीच एकर ऊस आणि चार म्हशी आहेत. दूध बिल दर दहा दिवसांनी येते, उसाचे पैसे हंगामात येतात, आणि कायद्यात चौदा दिवसांची मुदत असली तरी ते कधी हाती पडतील हे मी सांगू शकत नाही. "महिन्याला किती?" या प्रश्नाला मी काय लिहावे? "शेती आहे" असे लिहिले की पुढचे उत्तरच येत नाही.

पेठेतल्या काकू: दादा, तुम्ही महिन्यात बोलू नका, वर्षात बोला. खत, मजुरी आणि पेंड वजा जाता गेल्या तीन वर्षांत सरासरी काय उरले ते सांगा, आणि जमीन वडिलांच्या नावावर असेल तर तेही त्याच वेळी सांगा. पुढे मुलीकडचे लोक आयकराचे विवरणपत्र मागतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्याने अनेकांनी ते भरलेलेच नसते, किंवा त्यात शेतीबाहेरचा छोटासा आकडा दिसतो, आणि मग त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. म्हणून ही गोष्ट त्यांनी विचारण्याआधी आपणच बोलून ठेवावी.

कसबा बावड्याची लेक: मीही हा प्रश्न लवकर विचारते, म्हणून राजारामपुरीकर दादांच्या "पाकीट" या शब्दाचे वाईट वाटले. मी पुण्यात संगणक क्षेत्रात काम करते आणि लग्नानंतर कोल्हापूरला यायचे तर कदाचित ही नोकरी सोडावी लागेल. मला दुसरी मिळेपर्यंत एका पगारावर घर चालेल का, हे जाणून घेण्याचा मला हक्क नाही का? माझी अडचण उलटी आहे. मुलाने आकडा सांगून मला विचारले की मी माझा सांगते. तो त्याच्यापेक्षा मोठा असतो आणि पलीकडून उत्तरे येणे बंद होते.

राजारामपुरीकर: ताई, शब्द चुकला, तो मागे घेतो. पण हे कारण आपण प्रश्नासोबतच लिहिले, तर ऐकणाऱ्याला तो प्रश्न बोचणार नाही.

कसबा बावड्याची लेक: तसे करून पाहीन. मात्र मुले मला पगार विचारतात, तेव्हा त्यांनी कारण सांगितल्याचे मला आठवत नाही.

पेठेतल्या काकू: तुमचा आकडा मात्र कमी करून सांगू नका. जो आकडा ऐकून गप्प होतो, तो चौथ्या भेटीनंतर गप्प होण्यापेक्षा चौथ्या संदेशानंतर झालेला बरा.

गोकुळ शिरगावचा अभियंता: मी आता "हातात साडेचोपन्न हजार येतात, त्या दिवशी मोघम उत्तर दिले त्याबद्दल क्षमस्व" असे कळवणार आहे. शेवटचे विचारतो: घराच्या कर्जाचा हप्ता चौदा हजार आहे, तोही त्याच संदेशात लिहावा का?

पेठेतल्या काकू: तो पहिल्या भेटीत सांगा. संदेशात पगार आणि कर्ज शेजारी आले की ते ताळेबंदासारखे दिसते.

शिरोलीतील वेतन लिपिक: इथे माझे मत वेगळे आहे. तिने घरखर्चाच्या अंदाजासाठी विचारले असेल, तर तिच्या उपयोगाचा आकडा साडेचाळीस हजार आहे. साडेचोपन्न सांगून भेटीपर्यंत हप्ता मागे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पेठेतल्या काकू: हप्ता लपवा असे मी म्हणत नाही. पण तिने विचारले आहे ते उत्पन्न. न विचारलेले कर्ज पहिल्याच दिवशी मांडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या संदेशांतून चिंता आधी पोहोचली, माणूस नंतर.