मदत हवी आहे: ‘बैल’ काढून ‘गाय’ घातली की वाक्यात नेमकं काय काय बदलायचं?

शिकवणी_दारव्हा
पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते. सरावाच्या कागदावर एक प्रश्न नेहमी असतो: ठळक नामाच्या जागी कंसातलं नाम घाला आणि वाक्य पुन्हा लिहा.

मामाने काळा बैल मोठ्या गोठ्यात बांधला होता. (गाय)

तीन मुलांची तीन उत्तरं आली.
पहिलं: मामाने काळी गाय मोठी गोठ्यात बांधली होती.
दुसरं: मामाने काळ्या गाईला मोठ्या गोठ्यात बांधली होती.
तिसरं: मामाने काळी गाय मोठ्या गोठ्यात बांधली होती.

तिसरं बरोबर आहे हे कळतं. पण दुसऱ्यात ‘बांधली’ का चालत नाही हे मुलाला पटवून देता येत नाही. तो म्हणतो, गाय स्त्रीलिंगी, मग बांधली. आणि ‘वासरू’ देऊन अनेकवचन करायला सांगितलं तर सगळेच ‘काळे वासरे बांधले होते’ लिहितात. समजवायची सोपी रीत कोणी सांगेल का?

पुसदकर_७
सोपं आहे ताई. क्रियापद काम करणाऱ्याप्रमाणे चालतं. मामा बांधतो, मामी बांधते. मुलांना आधी ‘कोण करतो’ हे शोधायला लावा, पुढचं आपोआप येते.

खडूफळा
पुसदकर भाऊ, ‘बांधतो’ला तुमचं म्हणणं बरोबर लागू पडतं, पण ताईंच्या वाक्यात ‘बांधला होता’ आहे. तिथे मामाच्या जागी मामी घालून पाहा: मामीने काळा बैल बांधला होता. काही हललं का? नाही. करणाऱ्याला ‘ने’ लागला की क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही, ते बैलाकडे बघतं. म्हणून मुलाने सगळ्यात आधी ‘ने’ आहे का ते पाहायचं. ‘मामा बैल बांधतो’ यात बैल काढून गाय घातली तर ‘बांधतो’ तसंच राहील, कारण ते मामाचं आहे. ‘मामाने बैल बांधला’ यात मात्र ‘बांधली’ करावं लागेल.

आता ताईंचं वाक्य. मुलाला प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायला लावा: हा शब्द कोणाचा? ‘काळा’ कोणाचा? बैलाचा. बैल गेला, गाय आली, मग ‘काळी’. ‘मोठ्या’ कोणाचा? गोठ्याचा. गोठा जागेवरच आहे, तर त्याला हात लावायचा नाही. पहिल्या मुलाची चूक नेमकी इथे झाली. त्याने दिसेल ते विशेषण बदललं. ‘बांधला’ आणि ‘होता’ दोन्ही बैलाचे, दोन्ही बदलतील. अर्धवट बदलून ‘बांधली होता’ लिहिणारी मुलंही भेटतील, तेव्हा क्रियापदात दोन शब्द असले तर दोन्हीखाली रेघ मारून घ्या.

दुसऱ्या मुलाने ‘ला’ स्वतःच्या मनाने जोडला. दिलेल्या वाक्यात ‘बैल’ उघडा होता, त्याला काही चिकटलेलं नव्हतं, मग ‘गाय’ही उघडीच ठेवायची. ‘ला’ लागला की दोन गोष्टी होतात. ‘काळी’चं ‘काळ्या’ होतं, आणि क्रियापद गाईला सोडून देतं. सोडून दिलेलं क्रियापद मराठीत नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं: बांधले होते. म्हणजे

मामाने काळ्या बैलाला बांधले होते.
मामाने काळ्या गाईला बांधले होते.
मामाने काळ्या वासरांना बांधले होते.

नाम कोणतंही घाला, एक असो की दहा, क्रियापद हलत नाही. ही तीन वाक्यं एकाखाली एक फळ्यावर लिहा आणि ‘बांधले होते’ला चौकट करा. बोलताना आपण ‘बांधलं होतं’ म्हणतो, तेच हे. मुलाला आधी बोलून दाखवा: ‘गाईला बांधलं का रे?’ हे त्याच्या कानाला ओळखीचं असतं, मग ‘बांधली’ का नको ते लगेच पटतं.

मोर्शीचा_बगीचा
आमच्याकडे यावरूनच वाद आहे. मुलीने ‘संत्रा पिकला’ लिहिलं, कागदावर ‘संत्रे पिकले’ असं उत्तर होतं. अख्ख्या वरुड-मोर्शीत संत्राच म्हणतात. आता आमचा शब्द चूक का?

खडूफळा
चूक नाही. तुमच्या भागात तो संत्रा आहे, पुस्तकी मराठीत ते संत्रे. ताईंचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमचं उदाहरण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला चांगलं लागू पडतं. ‘पिवळे संत्रे पिकले’ हे वाक्य तुमच्या घरी वाचलं तर बरेच संत्रे. पुस्तकात वाचलं तर एकच, आणि बरीच झाली की ‘पिवळी संत्री पिकली’. शब्द तेच दिसतात, मोजणी वेगळी होते. मुलीला इतकंच सांगा की एका उत्तरात एकच धरायचं. ‘संत्रा’ धरला तर ‘पिवळा, पिकला’. ‘ते संत्रे’ धरलं तर ‘पिवळे, पिकले’. ‘पिवळा संत्रे पिकली’ अशी सरमिसळ झाली की मग खरंच चूक. आणि परीक्षेत कंसात ‘संत्रे’ छापलेलं असेल तर ते नपुंसकलिंगी धरूनच लिहायचं.

ताई, तुमच्या वासराची गोष्ट हीच आहे. तीन ओळी लिहून घ्या:

काळा बैल बांधला होता / काळे बैल बांधले होते
काळी गाय बांधली होती / काळ्या गाई बांधल्या होत्या
काळे वासरू बांधले होते / काळी वासरे बांधली होती

‘काळे… बांधले होते’ दोनदा आलं, एकदा बऱ्याच बैलांसाठी आणि एकदा एका वासरासाठी. ‘काळी… बांधली होती’ही दोनदा आलं, एका गाईसाठी आणि बऱ्याच वासरांसाठी. मुलं घोटाळतात ती इथे. त्यांच्या डोक्यात ‘अनेकवचन म्हणजे ए’ असं बसलेलं असतं, बैलावरून आलेलं. शिवाय आपल्याकडे बोलण्यात ‘लेकरं आले’, ‘वासरं सुटले’ सर्रास चालतं, म्हणून कानही मदत करत नाही. मग ‘हा, ही, हे’ लावून पाहायचं. एक असेल तर हे वासरू, जास्त असतील तर ही वासरे. ‘ही’ आलं की पुढे ‘काळी’ आणि ‘बांधली होती’. ‘ही’ ऐकून मूल ‘म्हणजे स्त्रीलिंगी’ म्हणेल. त्याला विचारा, बऱ्याच गाई असत्या तर? ‘ह्या गाई’. ‘ह्या’ नाही आलं, म्हणजे गाईच्या ओळीत नाही.

शिकवणी_दारव्हा
‘हे वासरू, ही वासरे’ लगेच वापरून पाहते. दोन शंका राहिल्या. ‘मी गाय बांधली’ यात ‘ने’ कुठे आहे? आणि ‘मामाने गाईला चारा टाकला’ यात ‘ला’ आहे, तरी ‘टाकले’ का नाही?

खडूफळा
मी, तू, आम्ही, तुम्ही यांच्यात ‘ने’ लपलेला असतो. त्यांच्या जागी ‘त्याने’ बसवून पाहायचं. ‘त्याने गाय बांधली’ नीट बसलं, म्हणजे ‘ने’ आहे. ‘मी धडा शिकलो’ला ‘त्याने’ बसत नाही, ‘तो धडा शिकला’ असंच म्हणतो. तिथे धडा काढून कविता घातली तरी ‘शिकलो’ तसंच राहील, मुलगी बोलत असेल तर ‘शिकले’ होईल. शिकणे, विसरणे, पिणे अशी थोडी क्रियापदं आहेत. यादी पाठ करण्यापेक्षा ‘त्याने’ची चाचणी बरी.

चाऱ्याच्या वाक्यात टाकलं काय? चारा. तो उघडा आहे, म्हणून क्रियापद त्याचं. गाईच्या जागी बैल किंवा वासरू घाला, ‘टाकला’ हलणार नाही. चारा बदला मग हलेल: गाईला कडबा टाकला, ढेप टाकली, कुटार टाकले. ‘ला’ दिसला की लगेच ‘टाकले’ लिहायचं नाही, आधी दुसरं उघडं नाम शोधायचं. ते सापडलं तर क्रियापद त्याचं, नाही सापडलं तरच ‘ले’.

जुनी_वही
एक दुरुस्ती सुचवतो. ‘गाईला बांधली’ ही निव्वळ चूक म्हणून खोडू नये. ‘त्याने मुलाला शाळेत घातला’ असं कितीतरी जण बोलतात, लिहितात. ‘ला’ही आहे आणि क्रियापद मुलाप्रमाणेही आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत याला कर्मभावसंकर म्हणून जागा दिलेली आहे. त्या मुलाने कानावर पडलेलंच लिहिलं असणार.

खडूफळा
मान्य. पण प्रश्न फक्त नाम बदलायला सांगतो, त्यात ‘ला’ घातला तर वाक्याची रचनाच बदलली. त्यासाठी मी गुण कापीन, ‘बांधली’साठी नाही. वर मी ‘क्रियापद हलत नाही’ म्हटलं ते पाचवीच्या उत्तरापुरतं धरा.

जुनी_वही
मी कापणार नाही. मुलाला शेजारी ‘गाय बांधली’ लिहून दाखवीन आणि फरक त्यालाच विचारीन.

पुसदकर_७
‘ने’चं समजलं. पण मग दोन नामं एकत्र आली तर? ‘मामाने एक बैल आणि दोन गाई विकल्या’ की ‘विकले’?

खडूफळा
जनावरं, वस्तू असतील तर बहुतेक जण क्रियापदाजवळच्या नामाप्रमाणे बोलतात. ‘एक बैल आणि दोन गाई विकल्या’, आणि उलट केलं तर ‘दोन गाई आणि एक बैल विकला’.

जुनी_वही
‘दोन गाई आणि एक बैल विकला’ मला खटकतं. विकली गेली तीन जनावरं आणि क्रियापद एकवचनी. मी ‘विकले’ लिहीन.

खडूफळा
‘विकले’ मला खटकतं, गाई त्यात दिसतच नाहीत. ‘तिन्ही जनावरे विकली’ असं फिरवून लिहिलेलं बरं.

शिकवणी_दारव्हा
मी मुलांना दोन नामांचं वाक्य सध्या देणार नाही. पण परवाच्या कागदावर ‘मुलगा आणि मुलगी शाळेत गेली / गेले’ असा पर्याय आलाय, उत्तर छापलेलं नाही. माणसांना जवळच्या नामाचाच हिशोब लावायचा का?

पुसदकर_७
‘गेले’च म्हणतात ना सगळे?

जुनी_वही
‘गेली’ही म्हणतात, ‘मुलं गेली’ मनात धरून. ‘आईवडील’ असेल तर मात्र ‘गेले’ सोडून दुसरं ऐकलेलं नाही.