सल्ला हवा: पाठ्यपुस्तकातले मुलगे-मुली मोजतोय, दोघांचे आकडे जुळतच नाहीत

अर्धीपेन्सिल
समाजशास्त्राचा प्रकल्प आहे. विषय सोपा वाटला म्हणून घेतला: प्राथमिकच्या भाषेच्या पुस्तकात चित्रांत आणि पाठांत मुलगे किती, मुली किती आणि ते काय करताना दिसतात. रकाने चार केले: मुलगा, मुलगी, काही करतोय, नुसतं पाहतोय. मी आणि माझी जोडीदार, दोघांनी पहिले पाच पाठ वेगवेगळे बसून मोजले. मुलींचा आकडा दोघांचाही 30 आला. मुलग्यांचा माझा 97 आणि तिचा 71! पानं तीच, पुस्तक तेच. चूक कोणाची हे कसं ठरवायचं? आणि असे रकाने आधी कोणी वापरले असतील तर सांगा, तयार मिळाले तर बरंच आहे.

रविवारवाचक
अगदी खरं आहे. आमच्या मुलीच्या पुस्तकात तर चित्रं इतकी फिकट छापलीत की काही कळत नाही. तक्रार कुठे करायची, कोणी सांगेल का?

अर्धीपेन्सिल
काका, माझा प्रश्न छपाईचा नाही, मोजणीचा आहे.

झटपट
एवढा त्रास कशाला घेताय? पुस्तकाची पीडीएफ उघडा, 'मुलगा' शोधा, 'मुलगी' शोधा, दोन आकडे लिहा. दहा मिनिटांत प्रकल्प तयार.

जुनीवही
झटपट, मराठीत तो शब्द एका रूपात बसत नाही. मुलगा, मुलाने, मुलाला, मुलाचा. म्हणून 'मुल' एवढंच शोधलंत तर मुलाखत आणि मुलूखही हाती लागतात. आणि 'मुले' आलं की खरी पंचाईत. 'मुले मैदानावर जमली' यात मुली आहेत की नाहीत, हे तो शब्द सांगत नाही. शिवाय पाठात बहुतेकांना नावानेच हाक मारलेली असते, 'मुलगा' म्हणून नाही.

पण तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मजकुरासाठी मी क्रियापद पाहीन. 'मी गेलो', 'मी गेले' यातून सांगणारा कोण ते लगेच कळतं, नाव नसलं तरी. मी अशाच एका मोजणीत काही वर्षं काम केलंय. 'मी'ने सांगितलेले पाठ आम्ही वेगळे काढले होते, कारण गोष्ट कोणाच्या तोंडून येते हे चित्रातल्या डोक्यांइतकंच महत्त्वाचं असतं.

अर्धीपेन्सिल, चूक कोणाची हे विचारूच नका. पान काढून बघा, 26 चा फरक नेमका कुठे पडला?

अर्धीपेन्सिल
काढलं. 22 जण एकाच चित्रातले! धावण्याच्या शर्यतीचं चित्र आहे, मागे प्रेक्षकांची रांग. मी एकेक डोकं मोजलं, तिने 'गर्दी' म्हणून सोडून दिलं. उरलेले 4 पाठमोरे आहेत. मी त्यांना मुलगे धरलं, तिने कशातच धरलं नाही.

जुनीवही
म्हणजे डोळे दोघांचे ठीक आहेत, नियमच लिहिलेला नव्हता. तुमच्या मुलग्यांपैकी जवळजवळ पाव भाग एका चित्राच्या मागच्या रांगेतून आला. चित्रकाराने जागा भरायला काढलेली डोकी तुमचा निष्कर्ष ठरवत होती.

गर्दीला एक वेगळी ओळ द्या. चेहरे वेगळे ओळखू येत नसतील तर ती एक गर्दी. तिच्यापुढे फक्त एवढंच लिहायचं: सगळे मुलगे, सगळ्या मुली, मिश्र की कळत नाही. ओळख पटणाऱ्या व्यक्तींमध्ये ती मिसळायची नाही. तसंच एकच नायक सहा चित्रांत दिसला तर तो किती वेळा दिसला आणि किती वेगळी माणसं आहेत, हे दोन आकडे वेगळे ठेवा. एका गोष्टीतला एक मुलगा अख्ख्या पुस्तकाचं चित्र बदलू शकतो.

आणि पाठमोऱ्यांना तुम्ही मुलगा का धरलंत?

अर्धीपेन्सिल
केस आखूड होते. पँट होती.

जुनीवही
मग तुम्ही पुस्तक मोजत नव्हता, स्वतःची समजूत मोजत होता. आखूड केस दिसले की मुलगा, असं धरून मोजलं तर पँट घातलेली, केस कापलेली मुलगी तुमच्या तक्त्यात कधी येणारच नाही. आणि शेवटी तुम्हीच लिहाल की पुस्तकात अशा मुली नाहीत!

आमचा नियम साधा होता. पाठात किंवा चित्राखाली नाव असेल, नाहीतर क्रियापदातून कळत असेल, तर प्रश्नच नाही. नसेल तर चित्रातल्या किमान दोन वेगळ्या खुणा हव्यात, आणि त्या कोणत्या ते शेजारी लिहायचं. नाहीतर 'कळत नाही'. या रकान्याची लाज वाटू देऊ नका.

कुंचला
मी पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून एक आतली गोष्ट सांगते. हल्ली 'निम्म्या मुली दाखवा' अशी सूचना येते आणि आम्ही दाखवतो. पण चित्राची कच्ची मांडणी आधीच ठरलेली असते: मध्ये कोण, हातात भिंग कोणाच्या, खांद्यावरून वाकून बघतंय कोण. मग संख्या भरायला मुलगी कुठे येते? बहुतेक वेळा बघणाऱ्यांत. डोकी मोजलीत तर आमची पुस्तकं समान निघतील. भिंग कोणाच्या हातात आहे ते मोजा.

झटपट
हेच म्हणत होतो मी, डोकी मोजून काय होणार. करतोय-पाहतोय एवढंच मोजा, मुलगे जास्त 'करणारे' निघतीलच.

अर्धीपेन्सिल
नवे नियम लावून पुन्हा बसलो. मुलग्यांच्या 71 मधले 11 'कळत नाही'मध्ये गेले, त्यात ते 4 पाठमोरे मिळवले. आता मुलगे 60, मुली 30, कळत नाही 15. गर्दी वेगळी.

आणि झटपट म्हणाले तसंच निघालं: काही करणारे मुलगे 42, मुली 21. बरोबर दुप्पट! हेच प्रकल्पाचं मुख्य वाक्य करावं का?

जुनीवही
थांबा, ते वाक्य लिहू नका. 60 पैकी 42 म्हणजे 70 टक्के. 30 पैकी 21 म्हणजेही 70 टक्के. या पाच पाठांत मुलगी दिसली तर ती मुलग्याइतकीच काहीतरी करताना दिसते. ती दिसतेच अर्ध्या वेळा. हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि तुमच्या 'दुप्पट'मध्ये दोन्ही एकत्र कालवले गेलेत. पहिला प्रश्न: पुस्तकात आहे कोण. दुसरा: जे आहेत ते काय करतात. दुसऱ्यासाठी टक्केवारी नेहमी त्या-त्या गटातच काढायची.

पहिल्याचं उत्तर मात्र तुमचं बऱ्यापैकी पक्कं आहे. 'कळत नाही'मधले सगळेच्या सगळे 15 जण मुली निघाल्या असं धरलं तरी मुली 45 होतात, मुलगे 60 राहतात. हे वाक्य अहवालात जरूर टाका. परीक्षक तो प्रश्न विचारणारच.

तयार रकान्यांबद्दल विचारलं होतंत. युनेस्कोने 2009 मध्ये पाठ्यपुस्तकांतल्या स्त्री-पुरुष चित्रणाच्या मोजणीची एक पद्धत-पुस्तिका काढली आहे. ती 'पात्र' हे एकक धरते. तिचे रकाने तुमच्यापेक्षा बरेच जास्त आहेत, सगळे उचलू नका.

मधलीसुट्टी
मी प्राथमिकला शिकवते. आमच्या पुस्तकात निम्मे पाठ प्राण्यांचे आहेत. ससा, कोल्हा, मुंगी यांचं काय करायचं? वर्गात मुलं कोल्ह्याला 'तो' आणि मुंगीला 'ती' म्हणतात. मग मुंगी ही मुलगी मोजायची का?

झटपट
अर्थात! ती मुंगी, तो कोल्हा. व्याकरणच सांगतंय.

जुनीवही
मी नाही मोजणार. मराठीत मुंगी नेहमीच 'ती' आणि उंदीर नेहमीच 'तो'. तो व्याकरणाचा योगायोग आहे, लेखकाने केलेली निवड नाही. 'मांजर' तर 'ते'. प्राण्याला नाव दिलं असेल, तो कोणाचा मामा किंवा कोणाची आई असेल, तरच धरा, आणि माणसांपासून वेगळ्या ओळीत धरा.

वेगळ्या ओळीचं कारण सांगतो. लेनोर वाइट्झमन आणि सहकाऱ्यांचा 1972 चा अभ्यास या विषयात सगळ्यांना माहीत असतो. बक्षीस मिळालेल्या इंग्रजी चित्रपुस्तकांत त्यांना पुरुषांची 261 आणि स्त्रियांची 23 चित्रं सापडली, म्हणजे साधारण 11 ला 1. प्राण्यांमध्ये ते प्रमाण 95 ला 1 निघालं. दोन्ही एकत्र केले असते तर माणसांबद्दलचा आकडा दिसलाच नसता.

मधलीसुट्टी
कोल्ह्याला 'तो' म्हणणं हा योगायोग असेल, मान्य. पण माझ्या वर्गातली मुलं त्यावरून कोल्हा म्हणजे बाप्याच समजतात. वाचणाऱ्याला काय दिसतं ते महत्त्वाचं नाही का?

जुनीवही
तुमचा मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी मुलांना विचारावं लागेल, पुस्तक मोजून ते कळणार नाही.

अर्धीपेन्सिल
सर म्हणाले, 'दोघांचं किती जुळतं ते दाखवा.' 40 आकृत्या घेतल्या, करतोय की पाहतोय ते दोघांनी न बोलता लिहिलं. 22 वेळा दोघांचं 'करतोय', 8 वेळा दोघांचं 'पाहतोय'. 40 पैकी 30, म्हणजे 75 टक्के. चांगलं आहे ना?

झटपट
75 म्हणजे विशेष योग्यता की!

जुनीवही
उरलेल्या 10 चं काय झालं?

अर्धीपेन्सिल
6 ठिकाणी मी 'करतोय' लिहिलं, तिने 'पाहतोय'. 4 ठिकाणी उलट.

जुनीवही
म्हणजे तुम्ही 40 पैकी 28 वेळा 'करतोय' लिहिलंत, तिने 26 वेळा. आता समजा तुम्ही दोघांनी चित्र न बघताच, एवढ्याच प्रमाणात शिक्के मारले असते. तुमचे 70 टक्के, तिचे 65, म्हणजे 'करतोय'वर सुमारे 45.5 टक्के वेळा जुळलं असतं. 'पाहतोय'वर 10.5. एकूण 56 टक्के नुसत्या योगायोगाने! तुमची खरी कमाई 75 वजा 56, म्हणजे 19. आणि कमवायला जागा होती 44. 19 भागिले 44 म्हणजे 0.43. या आकड्याला कोहेनचा कॅपा म्हणतात, जेकब कोहेनने 1960 मध्ये मांडलेला. 0.43 वर मी तरी निष्कर्ष काढणार नाही.

आकड्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती 10 चित्रं उघडा.

अर्धीपेन्सिल
उघडली. 10 पैकी 7 चित्रांत कोणीतरी नुसतं बोलतंय! मला बोलणं म्हणजे 'करणं' वाटतं, तिला नाही. खरं तर मलाही दर वेळी वाटलेलं नाही.

कुंचला
मग बोलणाऱ्यांना तिसरा रकाना द्या. आणि बोलतंय कोण, ऐकतंय कोण, हेही लिहा. चित्र काढताना तोंड उघडं कोणाचं ठेवायचं हे आम्ही ठरवूनच काढतो.

जुनीवही
हो, आणि तपासणी नव्या 40 आकृत्यांवर करा. या 40 वर तुमची चर्चा झालीये, आता त्या जुळणारच.

अर्धीपेन्सिल
आज नवीन पाठातून 40 घेतल्या. रकाने तीन: करतोय, बोलतोय-ऐकतोय, पाहतोय. 36 जुळल्या. कॅपा अजून काढायचाय, तीन रकान्यांचं गणित उद्या बसून करू.

एक जागा मात्र अडलीच आहे. एका चित्रात मुलगी पाटीवर काहीतरी लिहितेय आणि तिच्यामागे उभा मुलगा बोट दाखवून तिला सांगतोय. मी ती 'करतोय'मध्ये घातली, जोडीदार म्हणते ती 'ऐकतेय'. दोघेही हटायला तयार नाही.

मधलीसुट्टी
ऐकतेय. माझ्या वर्गात रोज दिसतं हे.

कुंचला
लिहितेय! खडू तिच्या हातात आहे.