उत्तर: मुक्त आकारमान आणि टीजी

> "प्लास्टिसायझरने टीजी उतरतो, क्रॉसलिंकिंगने चढतो. मग सल्फर घालूनही रबर मऊच कसं राहतं?"

सगळं क्रॉसलिंक, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गाठी, किती दाट आहेत यावर आहे.

टीजीला, म्हणजे कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो त्या काचसंक्रमण तापमानाला, पॉलिमरच्या साखळीचे काही दुवे एकत्र हलू लागतात. त्यासाठी शेजारी रिकामी जागा, म्हणजे मुक्त आकारमान, लागतं. पीव्हीसीचा टीजी साधारण 80 अंश सेल्सिअस. त्यात डीओपी या प्लास्टिसायझरचे, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रवाचे, छोटे, चपळ रेणू शिरले की साखळ्यांमधली ओढ सैल होते आणि जागा वाढते. फॉक्सचं समीकरण अंदाजाला पुरतं:

1/Tg = w1/Tg1 + w2/Tg2

w म्हणजे त्या घटकाचा वजनातला वाटा. तापमान केल्व्हिनमध्येच घाला, इथे हमखास गफलत होते. पीव्हीसी 354, डीओपी सुमारे 187, वजनाने एक तृतीयांश डीओपी: उत्तर 273च्या आसपास, म्हणजे शून्य अंश. प्रत्यक्षात संक्रमण बरंच पसरट दिसतं, त्यामुळे हा आकडा नेमका मानू नका.

क्रॉसलिंक उलट वागतो. तो दोन साखळ्या जवळ ओढतो, जागा घटवतो, पण परिणाम त्याच्या आसपासच्या दुव्यांपुरताच. व्हल्कनाइज्ड, म्हणजे सल्फरने अशा गाठी घातलेल्या, रबरात दोन गाठींमध्ये शेकडो कार्बन अणू असतात. मधला भाग मोकळाच राहतो, म्हणून टीजी उणे 70च्या आसपासून जेमतेम काही अंश सरकतो. सल्फर खूप वाढवलं की एबोनाइट होतं, आणि ते खोलीच्या तापमानाला कडक असतं.

इपॉक्सीत तर गाठी इतक्या दाट होतात की टीजी क्युअरिंगच्या, म्हणजे गाठी बांधून घट्ट होण्याच्या, तापमानापर्यंत चढतो आणि अभिक्रिया जवळपास थांबते. डीएससीत, म्हणजे नमुना तापवत त्याची उष्णता मोजणाऱ्या चाचणीत, दुसऱ्या फेरीत टीजी वर सरकला, तर क्युअरिंग अर्धवट होतं असं समजा.