मदत हवी आहे: काका बोलत होते, ऑक्सिजन ९८ होता, तरी घशात नळी का घातली?

खाडीकाठ:
मंडळी, जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं घर मालवणजवळ. परवा संध्याकाळी जाळ्यांच्या खोलीला आग लागली, आत नायलॉनची जाळी, थर्माकोल, प्लॅस्टिकचे क्रेट असलंच सगळं, आणि काका मशीन बाहेर काढायला आत शिरले. पाच-सात मिनिटं तरी आत होते, दार एकच. बाहेर आले तेव्हा भुवया जळलेल्या, नाकाच्या आतले केस सुद्धा, एक हात कोपरापर्यंत भाजलेला. बाकी चालत होते, बोलत होते, काकीला ओरडत होते की रडू नको म्हणून.

जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, बोटाच्या मशीनवर ९८ दाखवत होतं. खोकल्यातून काळा बेडका पडत होता, काजळीच सगळी. आवाज आधी नुसता बसल्यासारखा होता, तासाभरात घोगरा झाला आणि थुंकी गिळताना तोंड वाकडं करायला लागले. पुढे कुडाळकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले गोव्याला बांबोळीला हलवायचं, पण त्याआधी इथेच घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतो. आम्ही म्हटलं अहो माणूस बोलतोय! ते म्हणाले बोलतोय तोवरच घालायची आहे. सही केली, पण घरात अजून वाद चालू आहे, आत्या म्हणते बिलासाठी केलं, काकी तर कोणाशी बोलतच नाही.

आता काका गोव्यात आयसीयूत आहेत, नळी तशीच आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय की ते खरंच गरजेचं होतं का, आणि आवाज परत येईल का.

रापणकर:
घाबरा नको रे, बरो होतलो तो. बघ, गरम धुराने फुफ्फुसं आतून भाजतात म्हणून व्हेंटिलेटर लागतो, आमच्या इथे बोटीच्या इंजिनरूमला आग लागली होती तेव्हा हेच सांगितलेलं. तिथल्या डॉक्टरांना विचार स्टेरॉइडचं इंजेक्शन का देत नाहीत, त्याने सूज दोन दिवसात उतरते आणि नळी पण निघेल.

भूल_डॉक्टर:
खाडीकाठ, मी भूलतज्ज्ञ आहे, अशा पेशंटना नळी घालणं हेच माझं रोजचं काम. तुमच्या काकांना न बघता शंभर टक्के सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगतो.

रापणकर दादा, धुराने फुफ्फुसाला इजा होते हे बरोबर, पण ती बहुतेक वेळा उष्णतेने होत नाही. कोरडी गरम हवा नाका-घशातच बरीचशी थंड होते, आणि चटका बसला की स्वरयंत्र आपोआप मिटतं, त्यामुळे भाजतं ते मुख्यतः स्वरयंत्राच्या वरचं. गरम वाफ असेल तर ती खाली जाते, तो अपवाद. खाली जाते ती काजळी आणि जळलेल्या प्लॅस्टिकचे वायू, त्यांचा त्रास एक-दोन दिवसांनी दिसायला लागतो. म्हणजे काकांना पहिल्या रात्री जी भीती होती ती फुफ्फुसाची नव्हती, घशाची होती.

भाजलेल्या घशाची सूज लगेच येत नाही हीच खरी गोम आहे. आगीतून आलेला माणूस पहिला तास बरा दिसतो, मग पुढचे बारा ते चोवीस तास सूज वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांनी उतरायला लागते. तुम्ही लिहिलंत की आवाज आधी बसला मग तासाभरात घोगरा झाला आणि थुंकी गिळवेना, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आवाज बदलतोय म्हणजे सूज स्वरयंत्रापर्यंत पोचली आणि अजून वाढतेय. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला की तोवर वाट फारच अरुंद झालेली असते, त्याची वाट बघत बसायचं नसतं.

मग प्रश्न असा की नळी आत्ता घालायची की लागेल तेव्हा. सहा तासांनी घालायला गेलं तर जीभ सुजलेली, घसा सुजलेला, स्वरतंतू दिसतच नाहीत, आणि भुलीचं औषध दिल्यामुळे पेशंटचा स्वतःचा श्वास पण थांबलेला. तेव्हा हातात एकच उपाय उरतो, मान कापून वाट करायची. आणि हे तुमच्या बाबतीत कुठे झालं असतं? कुडाळ ते बांबोळीच्या मध्ये हायवेवर, रात्री, हलत्या ॲम्ब्युलन्समध्ये. मी त्या जागी असतो तर मी पण निघायच्या आधीच घातली असती.

खाडीकाठ:
डॉक्टर खूप आभार. पण मग ९८ कसं दाखवत होतं? आत्याचं म्हणणं तेच आहे की ऑक्सिजन चांगला असताना व्हेंटिलेटर कशाला.

भूल_डॉक्टर:
दोन कारणं. एक, ऑक्सिजनचा आकडा घशाच्या सुजेबद्दल काहीच सांगत नाही, वाट जवळजवळ बंद होईपर्यंत तो चांगला राहू शकतो. दुसरं, बंद खोलीतल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तात ऑक्सिजनच्या जागी जाऊन बसतो आणि बोटाचं साधं मशीन त्यालाच ऑक्सिजन समजून मोजतं. त्यामुळे आगीतून आलेल्या माणसाचा ९८ मी धरतच नाही. मनगटातल्या शिरेतून रक्त घेऊन वेगळ्या मशीनवर तो वायू मोजावा लागतो. नुसत्या हवेवर तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात निम्मा होतो, म्हणून पहिल्या दवाखान्याने लगेच मास्क लावला हे फार चांगलं केलं. नायलॉन जळलं की सायनाइड पण तयार होतं, पण काका शुद्धीत होते, नीट बोलत होते, त्यामुळे त्याची शंका कमी.

स्टेरॉइडचं म्हणाल तर या सुजेवर त्याचा नेमका फायदा दिसलेला नाही आणि भाजलेल्या माणसाला जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून नेहमीसारखं देत नाहीत. ते देत नसतील तर ती हयगय नाही.

काजूवाली_ताई:
मला वेगळंच सांगायचंय. माझ्या भावाच्या काजू कारखान्यात टरफलांच्या ढिगाला आग लागलेली, तो पण धुरात सापडला, बेडका दोन दिवस काळा पडत होता. त्याला कोणी नळी घातली नाही. नाकातून दुर्बीण घालून बघितलं, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी. मग काळा बेडका म्हणजे नळी हे काही खरं नाही ना? उगाच घालतात असं मला पण वाटतं.

भूल_डॉक्टर:
ताई, भावाचा आवाज कसा होता? तोंड भाजलं होतं का?

काजूवाली_ताई:
आवाज ठणठणीत. तोंडाला काही नाही. उघड्यावरच होता तो, वारा फिरला म्हणून सापडला.

कान_नाक_घसा:
मग तिथेच फरक आहे ताई. काळा बेडका म्हणजे काजळी आत गेली, एवढंच. त्यावरून घसा सुजलाय की नाही ते कळत नाही. बंद खोली, जळलेले नाकाचे केस, घोगरा होत जाणारा आवाज, थुंकी गिळता न येणं, हे एकत्र आलं की चित्र बदलतं.

पण भूलवाल्या मित्राशी मी थोडा असहमत आहे, आणि हे मी मनापासून लिहितोय कारण नळीमुळे बिघडलेली स्वरयंत्रं नंतर माझ्याकडे येतात. आगीच्या पेशंटना गरज नसताना नळी घातली जाते आणि एक-दोन दिवसांत काढली जाते, असं बऱ्याचदा होतं. नाकातून पातळ दुर्बीण घातली की दोन मिनिटांत दिसतं, स्वरयंत्रावर नुसती काजळी आहे, लाली आहे, की सूज आणि फोड आहेत. सूज नसेल तर पेशंटला बसता ठेवून दर दोन-तीन तासांनी परत बघता येतं. शिवाय काकांचं अंग फार भाजलेलं नाही, म्हणजे सलाईन बदाबदा द्यावं लागलं नसणार, आणि सलाईनने घशाची सूज आणखी वाढते तो धोका इथे कमी होता. मी असतो तर आधी दुर्बीण मागितली असती.

भूल_डॉक्टर:
रात्रीच्या वेळी तिथे दुर्बीण आणि ती वापरणारा माणूस होता का, प्रश्न तोच आहे. असती तर तुमचं म्हणणं मला मान्य. नसेल, आवाज डोळ्यांदेखत बिघडतोय आणि पुढे दीड-दोन तासांचा प्रवास आहे, तर मी थांबणार नाही.

कान_नाक_घसा:
प्रवास धरला तर हो, तोल तुमच्या बाजूला जातो. तरी गरज होतीच असं मी म्हणणार नाही. ते गोव्यातल्या दुर्बिणीत काय दिसलं त्यावर ठरेल.

आयसीयू_सिस्टर:
दादा, काकांचे ओठ आणि डोळे दुसऱ्या दिवशी सुजले होते का? आणि नळी चिकटपट्टीने लावलीय की सुती पट्टीने बांधलीय?

खाडीकाठ:
हो सिस्टर, सकाळी बघायला सोडलं तर चेहरा ओळखूच येईना, पापण्या मिटून गेलेल्या, खालचा ओठ उलटा झालेला. काकी बघून बाहेरच बसली. नळी पांढऱ्या पट्टीने मानेमागून बांधली आहे, आणि बाहेर बरीच लांब राहिलीय, मला वाटलं नीट बसवली नाही. सिस्टर नळीतून ओढत होत्या त्यात काळं चिकट येत होतं, त्यात काळे तुकडे.

आयसीयू_सिस्टर:
नीटच बसवलीय. चेहरा सुजणार म्हणून आम्ही ती नळी कापत नाही, कापली तर सुजेने तोंडात ओढली जाते. भाजलेल्या कातडीवर चिकटपट्टी टिकत नाही म्हणून बांधायची, आणि सूज वाढेल-उतरेल तशी पट्टी सैल-घट्ट करत राहायची. नळी पण जाड घालतात, कारण ते काळे तुकडे बारीक नळीत अडकले तर नळीच बंद होते. डोकं उंच ठेवलंय ना तेवढं बघा. आणि काकांना ऐकू येत असेल, त्यांच्याशी बोला, सांगा कुठे आहेत ते.

रापणकर:
सिस्टर, मग काढणार कधी? आमच्या माणसाची काढली आणि परत घालावी लागलेली.

भूल_डॉक्टर:
तेच टाळायला घाई करत नाहीत. पेशंट जागा हवा, जोरात खोकता यायला हवा, काळं येणं कमी झालेलं हवं. मग नळीच्या टोकाचा फुगा सोडून बघतात, बाजूने हवा फुसकन निघाली तर सूज उतरली असं समजायचं. तरी कधीकधी हे पण चकवतं, म्हणून काढतात तेव्हा परत घालायची तयारी बाजूला ठेवलेली असते.

खाडीकाठ:
आत्ता राउंडला विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आल्या रात्री दुर्बिणीने बघितलं होतं, नळीच्या बाजूला स्वरयंत्राच्या वरची घडी सुजलेली होती आणि खाली श्वासनळीत काजळी. उद्या फुगा सोडून बघणार आहेत. हे आत्याला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली बिलाचं तरी विचार. काकीला मात्र उद्या आत सोडा म्हणून सांगून ठेवलंय.

आवाजाचं कोणी सांगाल का?

कान_नाक_घसा:
नळी निघाल्यावर काही आठवडे आवाज घोगरा राहील, ते चालेल. पहिले दिवस कमी बोलू द्या, पण कुजबुजू देऊ नका, त्याने ताण जास्त येतो. बिडी असेल तर ती कायमची बंद. महिना-दीड महिन्यांनी आवाज सुधारला नाही, किंवा चालताना श्वास घेताना घशातून आवाज यायला लागला, तर दम लागतो म्हणून नुसता पंप घेत बसू नका, आम्हाला दाखवा. नळीच्या जागी श्वासनळी आक्रसत असेल तर ते असंच उशिरा कळतं.