मदत हवी आहे: विश्ड नंतर न्यू की हॅड नोन?

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडची, भाचीच्या इंग्रजी निबंधात अडकलेय. विषय आजोबा आणि त्यांची दिंडोरीची द्राक्षबाग. तिने लिहिलंय "आय विश आय वुड हॅव लर्न्ट प्रूनिंग फ्रॉम हिम", त्यातलं वुड हॅव खोडून मी हॅड केलं, कारण शिकायची वेळ गेली ना, म्हणजे पास्ट परफेक्ट. आजही छाटणी येत नाही ही खंत असेल तर साधा पास्ट, "आय विश आय न्यू हाऊ टु प्रून". इथवर ठीक.

पण पुढे बाग विकली त्या दिवसाचं वर्णन आहे, सगळं पास्टमध्ये: "दॅट डे आय विश्ड आय न्यू हाऊ टु प्रून". ताई म्हणते विश्ड झालं की न्यूचंही हॅड नोन करायचं. मला नाही पटत, त्या दिवशी छाटणी येत नव्हती आणि खंतही त्याच दिवशीची, मग न्यूच राहणार ना? हॅड नोन केलं तर त्याहून आधीच्या कुठल्यातरी वेळेबद्दल हळहळ वाटते.

आणि शेवटी "इफ ओन्ली आय हॅड आस्क्ड हिम." एवढंच आहे, ते असं सुटं चालेल की पुढे वुड हॅववालं वाक्य जोडायलाच हवं? सरांना सुटं वाक्य अपुरं वाटेल अशी भाचीला भीती. कुणी इंग्रजी शिकवत असेल तर प्लीज सांगा, उद्या सबमिट करायचंय.