रेस्व्हेराट्रोल, सर्ट्यूइन आणि पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल: दम किती?

खडीसाखर

डबीवर लिहिलंय: 'द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रोल, ५०० मिलिग्रॅम, दीर्घायुष्याची सर्ट्यूइन जागी करतं.' माझं मत असं की उंदरांचं आयुष्य खरंच वाढलं असेल तर घ्यायला काय हरकत आहे? पदार्थ शेवटी द्राक्षातलाच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा, नुसतं 'थोतांड' म्हणू नका.

विकरवेडा

थोतांड नाही, पण पाया डबीवर लिहिलाय तितका पक्का नाही. सर्ट-१ हे सर्ट्यूइन गटातलं विकर प्रथिनांमधल्या लायसिनवर बसलेला अ‍ॅसिटिल गट काढतं आणि दर वेळी एनएडी या पेशीतल्या मदतनीस पदार्थाचा एक रेणू खर्च करतं. पेशीची उपासमार झाली की ते जास्त काम करतं असं मानतात, आणि कमी खाण्याचा दीर्घायुष्याशी संबंध जोडतात, म्हणून त्याला बाहेरून चेतवणारा पदार्थ शोधणं सुरू झालं. २००३ मध्ये बायोमोल कंपनीचे हाउइट्झ आणि हार्वर्डचे डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटांनी रेस्व्हेराट्रोल सर्ट-१चा वेग कित्येक पट वाढवतं असं दाखवलं, शिवाय यीस्टचं आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढल्याचंही.

आता हा वेग मोजला कसा ते बघा. पी-५३ प्रथिनाचा छोटा तुकडा घ्यायचा. त्याच्या शेवटच्या लायसिनवर अ‍ॅसिटिल असतं आणि लायसिनला लागूनच कूमरिन जातीचा रंगरेणू जोडलेला असतो. सर्ट-१ला काम करू द्यायचं, मग नळीत ट्रिप्सिन घालायचं. ट्रिप्सिन अ‍ॅसिटिल निघालेल्या लायसिनपाशीच कापतं, त्यामुळे रंगरेणू सुटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. चमक जास्त म्हणजे काम जास्त.

२००५ मध्ये दोन प्रयोगशाळांनी तोच तुकडा रंगरेणूशिवाय वापरून पाहिला, तेव्हा वेग वाढलाच नाही. रंगरेणू लावलेला तुकडा विकराला नीट चिकटत नाही आणि रेस्व्हेराट्रोल त्या चिकटण्याला मदत करतं, असा त्याचा अर्थ निघतो. मग पेशीतल्या प्रथिनांना तर असला रंगरेणू नसतोच. त्यांतल्या केबरलिन यांच्या गटाला यीस्टच्या तीन वेगवेगळ्या वाणांत आयुष्यवाढही दिसली नाही. म्हणून सर्ट्यूइन 'जागी करणाऱ्या' कुठल्याही पदार्थाबद्दल मी आधी एवढंच विचारतो: रंगरेणूशिवाय मोजलंय का?

आशावादी_अण्णा

विकरवेडा, तुम्ही २००५च्या स्टेशनवरच उतरलात. गाडी पुढे गेली आहे. २०१३ मध्ये सिंक्लेअर यांच्याच गटाने दाखवलं की रंगरेणूची जागा नैसर्गिक अमिनो आम्लंही घेऊ शकतात. अ‍ॅसिटिल लायसिनच्या पुढे ठरावीक जागी ट्रिप्टोफॅन, टायरोसिन किंवा फिनाइलअ‍ॅलानिनसारखं पाणी टाळणारं मोठं अमिनो आम्ल असेल तर रंगरेणूशिवायही वेग वाढतो. पीजीसी-१ अल्फा आणि फॉक्सओ-३ए या प्रथिनांत तशा जागा आहेत, आणि पेशीची ऊर्जा व ताण सांभाळणारी ही काही किरकोळ प्रथिनं नव्हेत. शिवाय सर्ट-१मधलं २३० क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल बदलून तिथे लायसिन घातलं की परिणाम गायब. सगळा भास रंगरेणूचा असता तर विकरातली एक जागा बदलून तो जावा का?

आणि उंदरांचं विसरू नका. २००६च्या प्रयोगात चरबीयुक्त खाण्यावर ठेवलेले, रेस्व्हेराट्रोल घेणारे उंदीर नुसतंच तसलं खाणं खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले.

विकरवेडा

२०१३चा मुद्दा मान्य, आणि चांगला आहे. २३० क्रमांकाचा प्रयोग मलाही पटतो. पण त्यातून सिद्ध काय होतं? काही निवडक प्रथिनांबाबत थेट परिणाम *शक्य* आहे, एवढंच. डबीवर मात्र 'सर्ट्यूइन जागी करतं' असं सरसकट लिहिलंय. सस्तन प्राण्यांत सर्ट्यूइन सात आहेत, हा प्रयोग एकाचा.

उंदरांबद्दल अर्धंच सांगितलंत. त्यांच्या खाण्यात ६० टक्के उष्मांक चरबीतून येत होते. त्या खाण्याने जे आयुष्य कमी झालं होतं त्यातलं काही परत मिळालं. २००८ मध्ये साध्या खाण्यावरच्या उंदरांना तेच दिलं तेव्हा काही तब्येतीच्या खुणा सुधारल्या, आयुष्य वाढलं नाही. पुढे अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या उपक्रमात तीन ठिकाणी मिश्र वंशाच्या उंदरांवर तपासलं, तिथेही आयुष्य तेवढंच राहिलं. खडीसाखर, तुमच्या 'उंदरांचं आयुष्य वाढलं असेल तर'मधला 'तर' इथेच अडतो.

बागायतदार_निफाड

आमच्याकडे द्राक्षच द्राक्ष, मग हे कॅप्सूलवाल्यांकडून कशाला घ्यायचं? काळी जात सालीसकट रोज पावशेर खाल्ली तर भागेल ना? आणि ऐकलंय की डावणी, भुरी आली की वेल हे जास्त बनवते. मग फवारणी कमी केली तर माल जास्त औषधी होईल का?

गोळीमागची_गोष्ट

वेलीबद्दल बरोबर ऐकलंत. बुरशी किंवा अतिनील किरणं लागली की साल रेस्व्हेराट्रोल बनवते, ते वेलीचं स्वतःचं संरक्षण आहे. पण म्हणून फवारणी कमी करू नका, डावणीने घड जाईल आणि हाती येईल ते मिलिग्रॅमच्या घरात. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून त्यात ते उतरतं, तरी साधारण लिटरला एक-दोन मिलिग्रॅम. माणसांवरच्या एका गाजलेल्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम दिलं होतं. वाइनमधून तेवढं घ्यायचं तर ७५ ते १५० लिटर रोज. पावशेर द्राक्षं खा, चवीसाठी. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमधला माल तर द्राक्षाचा नसतोच, जपानी नॉटवीड नावाच्या वनस्पतीच्या मुळांतून काढतात.

सुमेध_क

मूळ अडचण सोपी आहे: हे आतड्यात शोषलंच जात नाही. सगळं शौचावाटे बाहेर. लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं घ्या, प्रश्न मिटला.

गोळीमागची_गोष्ट

इथे अर्धं बरोबर, अर्धं उलटं. शोषण चांगलं होतं. २००४ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं २५ मिलिग्रॅम तोंडावाटे दिलं तेव्हा निदान ७० टक्के शरीरात गेलं. पण आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड जोडून टाकतात. मूळ रूपातलं रेस्व्हेराट्रोल रक्तात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी सापडलं.

आता हिशोब करू. रेणूभार २२८, म्हणजे ५ नॅनोग्रॅम हे जेमतेम ०.०२ मायक्रोमोलर. दुसऱ्या एका अभ्यासात एकदम ५ ग्रॅम दिले, म्हणजे या डबीतल्या दहा कॅप्सूल. तेव्हा रक्तातली कमाल पातळी मिलिलिटरला ५३९ नॅनोग्रॅम, सुमारे २.४ मायक्रोमोलर, तीही थोडा वेळ. नळीत सर्ट-१चा वेग दुप्पट व्हायला दहाएक मायक्रोमोलर लागत होतं आणि ठसठशीत परिणामासाठी शंभर. नळीतला आकडा आणि रक्तातला आकडा एका कागदावर शेजारी लिहिला की निम्मा वाद संपतो. ग्रॅमच्या मात्रेला जुलाब आणि मळमळही सुरू होते.

आशावादी_अण्णा

नाही संपत. दोन कारणं. एक, तुम्ही फक्त मूळ रेणू मोजताय. सल्फेट रूप पेशीत शिरून पुन्हा मूळ रूपात येऊ शकतं, आणि ते रक्तात कितीतरी जास्त असतं. दोन, सर्ट-१ला थेट चिकटायची गरजच नाही. २०१२च्या एका अभ्यासानुसार रेस्व्हेराट्रोल फॉस्फोडायएस्टरेज हे विकर अडवतं, त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पुढे पेशीतल्या ऊर्जेवर नजर ठेवणारं एएमपीके विकर चालू होतं, एनएडी वाढतं आणि सर्ट-१ आपोआप जोर धरतं. मग तुमची चमकणाऱ्या नळीची भानगडच गैरलागू.

उंदरांची मात्राही अवाढव्य नव्हती. किलोला २२ मिलिग्रॅम, पण उंदराची मात्रा माणसासाठी सुमारे बाराने भागतात. ६० किलोच्या माणसाला ११० मिलिग्रॅम.

विकरवेडा

भागाकार बरोबर आहे, त्यावर वाद नाही. फॉस्फोडायएस्टरेजचा मार्गही शक्य आहे. पण मग दावाच बदलला की. 'सर्ट्यूइन जागी करणारा पदार्थ' इथून आपण 'सर्ट्यूइनपर्यंत वळसा घालून कदाचित पोचणारा पदार्थ' इथे आलो. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास म्हणतो की मध्यम मात्रेत सर्ट-१ आधी आणि एएमपीके नंतर, जास्त मात्रेत मात्र एएमपीके सर्ट-१शिवायच चालू होतं. कोण पुढे, कोण मागे हे अजून मिटलेलं नाही.

सल्फेटचं म्हणाल तर ते प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींत दिसतं. माणसाच्या स्नायूत किंवा यकृतात त्यातलं किती परत सुटतं, हा मोजण्याचा प्रश्न आहे, मानण्याचा नाही.

खडीसाखर

रेणू राहू द्या बाजूला. माणसांना फायदा झाला की नाही?

गोळीमागची_गोष्ट

कोणत्या माणसांना विचारताय त्यावर उत्तर बदलतं, आणि खटकतं तेच.

२०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ११ लठ्ठ पुरुषांना ३० दिवस रोज १५० मिलिग्रॅम दिलं. इन्सुलिनचा प्रतिसाद थोडा सुधारला, यकृतातली चरबी घटली. अण्णांची बाजू इथे भक्कम आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या स्त्रियांना १२ आठवडे ७५ मिलिग्रॅम दिलं, काहीच फरक नाही. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांना चार आठवडे रोज दीड ग्रॅम, म्हणजे डच मात्रेच्या दहापट. तिथेही इन्सुलिनचा प्रतिसाद हलला नाही. मात्रा वाढवून परिणाम वाढत नाही, उलट नाहीसा होतो. तेव्हा पहिला निकाल छोट्या गटाचा योगायोग होता की लोक वेगळे होते, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

मला जास्त खुपतो तो डेन्मार्कचाच दुसरा अभ्यास. सरासरी ६५ वर्षांच्या पुरुषांनी आठ आठवडे जोरदार व्यायाम केला, निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटाची दमसास क्षमता ४५ टक्के जास्त वाढली. रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल उतरले तेही त्यांचेच. रेस्व्हेराट्रोलने व्यायामाचा फायदा खाल्ला. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडीकारक रेणू स्नायूला जुळवून घ्यायचा इशारा देतात, तो इशाराच बोथट होत असावा, असा अंदाज आहे. रोज चालायला जाणाऱ्याने या डबीचा विचार करताना हे लक्षात ठेवावं.

आशावादी_अण्णा

तो अभ्यास २७ जणांचा. ११ जणांच्या चाचणीला योगायोग म्हणायचं आणि २७ जणांच्या चाचणीवर इशारा द्यायचा, हे सोयीचं आहे.

गोळीमागची_गोष्ट

टोमणा रास्त. दोन्ही लहानच.

मीनाक्षी_प

थोडं वेगळं विचारते. बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ ठेवणारं अ‍ॅसिनोकुमारॉल चालू आहे. नात्यातल्या एकांनी हीच कॅप्सूल आणून दिली, 'द्राक्षाची आहे, चालेल' म्हणून. चालेल ना?

गोळीमागची_गोष्ट

ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. रोज १ ग्रॅम चार आठवडे दिलेल्या चाचणीत यकृतातल्या सीवायपी-२सी९ या विकराचं काम मंदावलं होतं, आणि अ‍ॅसिनोकुमारॉल मोडण्याचं काम मुख्यतः तेच विकर करतं. तिथली मात्रा या कॅप्सूलच्या दुप्पट होती, पण झडपेच्या रुग्णाने ते अंतर स्वतःवर तपासायचं नसतं. सुरू केली असेल तर आजच सांगा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर लवकर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळे शौच किंवा अंगावर निळे डाग दिसले तर थेट दवाखाना.

खडीसाखर

म्हणजे डबी परत करू? दुकानदार म्हणतो, ज्या कंपनीने यावर काम केलं ती ७२ कोटी डॉलरला विकली गेली, काहीतरी असेलच ना.

विकरवेडा

सर्ट्रिस. २००८ मध्ये ग्लॅक्सोने घेतली. २०१० मध्ये तिच्या रेस्व्हेराट्रोलची मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरची चाचणी, रोज ५ ग्रॅमची, काहींची मूत्रपिंडं निकामी झाल्यावर थांबली. त्या आजारात मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात, म्हणून सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. २०१३ मध्ये ग्लॅक्सोने सर्ट्रिसचं वेगळं कार्यालय बंद केलं. हेही दुकानदाराला सांगा.

आशावादी_अण्णा

डबी फोडली नसेल तर परत करा, इथे माझाही विरोध नाही. निरोगी माणसाने घ्यावं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण मधुमेह आणि यकृतातल्या चरबीसाठी, दोनतीनशे लोकांवर, वर्षभर, मध्यम मात्रेत, स्नायूचा तुकडा काढून त्यातलं रेस्व्हेराट्रोल मोजत चाचणी झाल्याशिवाय फाइल बंद करू नका.

विकरवेडा

स्नायूतलं मोजणार असाल तर त्याच तुकड्यात पीजीसी-१ अल्फावरचं अ‍ॅसिटिलही मोजा. ते घटलं नाही आणि साखर उतरली, तर श्रेय सर्ट-१ला द्यायचं कशाच्या जोरावर?