मदत हवी आहे: झिप उघडत नाही, तीनदा उतरवली

धायरीकर: नागपूरच्या पार्टीने साइटचे नकाशे आणि ड्रोनचे फोटो लिंकवर टाकलेत. उतरवून उघडायला गेलं की फोल्डर इनव्हॅलिड म्हणतं. उद्या सकाळी कॉर्पोरेशनला जायचंय, लवकर सांगा.

प्राची_एस: साइझ किती? कुठून, कशावर उतरवताय? काहीच लिहिलं नाहीये.

धायरीकर: विंडोज ११, क्रोम. ते म्हणतात २.१ जीबी आहे, माझ्याकडे १.३८ दिसतेय. डाउनलोड तर पूर्ण झालं म्हणून दाखवतं.

अण्णा_७२: काही बिघडलेलं नाही. कंपन्या हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून आकडा कमी दिसतो. विनरारमध्ये रिपेअर मारा, होऊन जाईल. मी वर्षानुवर्षं तेच करतो.

सदाशिव_सर्व्हर: अण्णा, मोजण्यात फरक पडतो हे खरं, पण त्या हिशोबाने २.१ चे साधारण १.९५ दिसतील. १.३८ म्हणजे फाइल मध्येच तुटली. झिपमधल्या सगळ्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते. शेपूट आलं नाही की विंडोजला आत काय आहे तेच कळत नाही. जे आलंच नाही ते रिपेअर कुठून आणणार? फार तर पुढच्या काही फाइली सुटतील.
धायरीकर, डाउनलोड चालू असताना किती टक्के झालं, किती वेळ राहिला हे दिसत होतं, की नुसते एमबी वाढत होते?

धायरीकर: नुसते एमबी. का?

मेघना_कोथरूड: माझंही असंच! व्हॉट्सॲपवर आलेली वर्डची फाइल उघडत नाही, ‘अनरीडेबल कंटेंट’ म्हणते. पासवर्ड असेल का?

सदाशिव_सर्व्हर: धायरीकर, मग उलगडा झाला. त्यांनी फोल्डरची लिंक दिली आहे. तुम्ही बटण दाबलं की सर्व्हर तिथल्या तिथे झिप बांधत पाठवतो, म्हणून एकूण साइझ आधी सांगतच नाही. मध्येच लाइन तुटली तर ब्राउझरला ते ‘संपलं’ असंच वाटू शकतं. अशी लिंक सहसा तुटल्या जागेपासून पुढे चालूही करता येत नाही. हवं तर तपासा:

```
curl.exe -I -L "लिंक"
```

उत्तरात `Content-Length` आणि `Accept-Ranges: bytes` दोन्ही नसतील तर हेच कारण धरा. काही सर्व्हर या प्रश्नाला नीट उत्तर देत नाहीत, तेव्हा नुसत्या यावर विसंबू नका. `.exe` लिहाच, पॉवरशेलमध्ये नुसतं `curl` भलतीच कमांड चालवतं.

अण्णा_७२: एवढी कमांडबाजी कशाला? डाउनलोड मॅनेजर टाका.

सदाशिव_सर्व्हर: सर्व्हर मधूनच द्यायला तयार नसेल तर मॅनेजरही शून्यापासूनच सुरू करणार. शिवाय काही मॅनेजर डिस्कवर पूर्ण जागा आधीच अडवतात. साइझ बरोबर दिसते आणि आत निम्मी शून्यं.

धायरीकर: दोन्ही ओळी नाहीत. आता?

सदाशिव_सर्व्हर: पार्टीला सांगा, त्यांच्या मशीनवर एकच झिप बनवून ती फाइल टाका आणि तिचा SHA256 कळवा. तुमच्याकडची जुनी तुटकी फाइल आधी काढून टाका. नाहीतर नवीन फाइलचा मागचा भाग जुन्याच्या शेपटाला जोडला जाईल आणि पुन्हा कचरा. मग:

```
curl.exe -L -C - -o nakashe.zip "लिंक"
```

तुटलं तर हीच ओळ पुन्हा चालवा, आहे तिथून पुढे जाईल. ‘byte ranges’ नाही अशी एरर ३३ आली तर ही लिंकही रिझ्यूम होत नाही असं समजा. शेवटी `certutil -hashfile nakashe.zip SHA256` चालवून जुळवा.

प्राची_एस: लिंकभोवतीचे अवतरण विसरू नका, मध्ये & असेल तर तिथेच तुटते. लिंकची मुदत संपली असेल तर झिपऐवजी लॉगिनचं पान उतरतं. काही केबींची ‘झिप’ दिसली की नोटपॅडमध्ये उघडा. खरी झिप PK ने सुरू होते.

धायरीकर: त्यांनी नवीन फाइल टाकली, आता `Content-Length: 2104533975` दाखवतंय. मध्ये लाईट गेली, राउटर बंद. लाईट आल्यावर तीच ओळ चालवली, पुढून सुरू झालं. प्रॉपर्टीजमध्ये Size पुढचे बाइट अगदी तेच, हॅशही जुळला. नकाशे उघडले, प्रिंटला दिलेत.

अण्णा_७२: विनरारने माझं नेहमी काम होतं, हे मात्र सांगतो.

सदाशिव_सर्व्हर: अण्णा, रिकव्हरी रेकॉर्ड घालून बनवलेली रार असेल तर होईल. झिपमध्ये तो नसतोच.

मेघना_कोथरूड: माझ्या वर्डचं कुणी बघेल का? पाठवणाऱ्या सरांकडे उघडतेय.

प्राची_एस: मेघना, डॉक्सही आतून झिपच असते. सरांकडच्या फाइलचे बाइट विचार आणि तुझ्याकडचे इथे लिही. कमी असतील तर परत मागव. सारखे असतील तर तुझं वर्ड कोणतं आहे ते सांग.